जर्मनीत आल्यावर आरोग्य विम्याचे शब्द कसे कळले? (अनुभव धागा)

नेकारकाठ (धागाकर्ती)
बायट्राग, त्सुत्सालुंग, युबरवायझुंग आणि क्रांकश्रायबुंग हे चार शब्द जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच भेटतात. हप्ता, रुग्णाचा वाटा, एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवण्याची चिठ्ठी आणि कामास असमर्थ असल्याचा दाखला असे त्यांचे अर्थ शब्दकोशात सापडतात, पण कोणता कागद कोणत्या दिवशी कोणाकडे असायला हवा हे त्यावरून कळत नाही. ते आपल्याला कसे कळले, हे लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी मला ताप भरला. कार्यालयाला सकाळीच कळवले आणि पुण्याच्या सवयीने दोन दिवस काढा घेऊन पडून राहिले. बुधवारी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंतचा दाखला दिला आणि आजाराची सुरुवात सोमवार अशी लिहिली. पगार सहा आठवडे चालू राहतो असे ऐकले असल्यामुळे मी निर्धास्त होते. महिनाअखेरीस पगारातून बारा दिवस कापलेले पाहिले, तेव्हा समजले की कायद्याने तो हक्क नोकरीचे चार आठवडे पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी आजारी पडल्यास पैसे क्रांकनकासेकडून, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेकडून मिळतात.

हिशेब असा झाला. ढोबळ पगार ४,००० युरो, हातात येणारा सुमारे २,६००. कासे ढोबळ पगाराचे ७० टक्के देते, पण ते हातातल्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणून २,८०० ऐवजी २,३४० धरले गेले, म्हणजे दिवसाला ७८ युरो. मात्र हे पैसे डॉक्टरने तपासून दाखला दिला त्या दिवसापासून सुरू होतात, आजार सुरू झाला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे सोमवार आणि मंगळवार कोणाच्याच खात्यात बसले नाहीत. उरलेल्या दहा दिवसांचे ७८० युरो झाले आणि त्यातून निवृत्तिवेतन, बेरोजगारी व शुश्रूषा विम्याचे हप्ते वजा होऊन सुमारे ६८० हातात आले. काढ्याचे ते दोन दिवस मला महागात पडले.

दोन डबे
ताई, माझी फजिती युबरवायझुंगची आहे. त्वचारोगतज्ज्ञाच्या स्वागतकक्षात बाईंनी "युबरवायझुंग आहे का?" असे विचारले. बँकेत पैसे पाठवण्यालाही हाच शब्द असल्यामुळे मी त्यांच्याकडे खाते क्रमांक मागितला. त्या हसल्या नाहीत, हे विशेष.

चिठ्ठीचा खरा उपयोग नंतर कळला. भेटीची वेळ चार महिन्यांनंतरची मिळत होती. आमच्या हाउसआर्त्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, चिठ्ठीवर बारा अक्षरांचा एक कोड छापून दिला आणि तो घेऊन 116117 वर फोन करायला सांगितले. त्या सेवेने चार आठवड्यांच्या आतली वेळ दिली, पण डॉक्टर निवडता आला नाही, आणि दवाखाना दोन गाड्या बदलून जाण्याइतका लांब होता. कोड प्रत्येकाला मिळत नाही; तातडी आहे असे डॉक्टरांना वाटावे लागते.

जुना पाहुणा
युबरवायझुंग नसेल तर तज्ज्ञ डॉक्टर पाहतच नाहीत, हे नव्या लोकांनी लक्षात ठेवावे. शिवाय प्रत्येक तिमाहीत पहिल्या भेटीला दहा युरो रोख द्यावे लागतात, तेव्हा खिशात नोट असू द्यावी. दाखल्याची मात्र पहिले तीन दिवस काळजी करू नये. तीन दिवस कोणी विचारत नाही.

पगारपत्रक
काका, दहा युरोंची ती फी २०१३ च्या सुरुवातीपासून बंद झाली आहे. बहुतेक तज्ज्ञांकडे चिठ्ठीशिवायही जाता येते. क्ष-किरण तपासणीसारख्या ठिकाणी ती लागतेच, आणि काही दवाखाने स्वतःच्या सोयीसाठी मागतात.

तीन दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मी एका कंपनीत पगाराचे काम पाहतो आणि हा गोंधळ दर महिन्याला समोर येतो. कळवणे आणि दाखला घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळवायचे पहिल्याच दिवशी, विनाविलंब. आजार तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी दाखला हवा, आणि हे तीन दिवस कॅलेंडरचे आहेत. शुक्रवारी आजारी पडलेल्या माणसाचे शुक्रवार, शनिवार, रविवार मोजले जातात, म्हणून सोमवारीही बरे नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. शिवाय करारात पहिल्या दिवसापासून दाखला मागण्याची मुभा कंपनीला आहे, तेव्हा करार वाचावा.

२०२३ पासून दाखला डॉक्टरकडून कासेकडे संगणकावरून जातो आणि आम्ही तो कासेकडून मागवतो. कर्मचाऱ्याने डॉक्टरकडे गेल्याचे सांगितलेच नाही, तर आम्ही मागवणार तरी काय? खाजगी विमा असलेल्यांचा आणि परदेशी डॉक्टरांचा दाखला या वाटेने येत नाही. तो अजून कागदावरच द्यावा लागतो. आणखी एक सूचना: डॉक्टर जी छापील प्रत रुग्णासाठी देतात तिच्यावर आजाराचा सांकेतिक क्रमांक असतो. ती पुरावा म्हणून जपून ठेवावी, पण साहेबांना पाठवू नये. उत्साही लोक तिचा फोटो सगळ्या विभागाला पाठवतात.

सोलापुरी चादर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आई-वडिलांच्या भारतातल्या मेडिक्लेममध्ये २० टक्के को-पेमेंट आहे. ती रक्कम इथल्या कासेकडून परत मिळेल का?

नेकारकाठ
नाही मिळणार; ती पॉलिसी आणि इथला विमा यांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय इथला वाटा बिलाच्या टक्क्यांनी असा वाढत जात नाही. चिठ्ठीवरच्या औषधाला किमतीचे १० टक्के, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो. रुग्णालयात दिवसाला दहा युरो, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच.

निवांत
याला वर्षाची मर्यादाही आहे, हे मला चार वर्षांनी कळले. वर्षाच्या ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंतच त्सुत्सालुंग भरायचे असते, आणि दीर्घकालीन आजार डॉक्टरांच्या दाखल्याने सिद्ध झाला तर १ टक्क्यापर्यंत. मी एकटा राहतो आणि उत्पन्न ४२,००० आहे, म्हणजे माझी मर्यादा ८४० वरून ४२० वर आली. कासे आपणहून काही सांगत नाही, अर्ज करावा लागतो आणि पावत्या लागतात. माझ्या पावत्या पाकिटात होत्या खऱ्या, पण औषधाच्या दुकानातला कागद उन्हात पांढरा पडतो. आता एकाच दुकानात जातो. ते वर्षाची यादी छापून देतात.

बायट्रागबद्दल मला तक्रार नाही. नोकरदाराचा हप्ता पगारातून आपोआप जातो आणि साधारण निम्मा मालक भरतो. फक्त प्रत्येक कासेचा जादा हप्ता वेगळा असतो, तेवढा तपासावा.

दोन डबे
पगारपत्रक यांना एक विचारायचे आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीवर साताऱ्याला असताना मला डेंग्यू झाला. तिथल्या डॉक्टरांनी लेटरहेडवर "पेशंटला ताप आहे, विश्रांती घ्यावी" असे लिहून दिले. कंपनी म्हणते, यावरून आजार दिसतो, पण काम करता येत नव्हते असे दिसत नाही. म्हणून सुट्टीचे आठ दिवस परत देता येणार नाहीत.

पगारपत्रक
सुट्टीत आजारी पडल्याचा दाखला असेल तर ते दिवस सुट्टीतून वजा होत नाहीत, हे खरे आहे. पण कंपनीचा मुद्दाही अगदीच चुकीचा नाही. परदेशी दाखल्यातून आजार आणि त्यामुळे आलेली कामाची असमर्थता हा फरक डॉक्टरने केला होता, हे दिसावे लागते. त्याच डॉक्टरांकडून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम शक्य नव्हते, असे सविस्तर पत्र आता मागवता येईल का? ते इतक्या उशिरा मान्य होईल की नाही, हे तुमच्या कंपनीवर आणि वेळ पडल्यास न्यायालयावर अवलंबून आहे. तिथून आजारी असल्याचे कधी कळवले होते, तेही लिहा.

दोन डबे
कळवले होते, पण चौथ्या दिवशी. रुग्णालयात नेटवर्क नव्हते. पत्रासाठी उद्या साताऱ्याला फोन करतो.