मदत हवी आहे: पितळी पोर्टहोल जहाजावरचं की शोभेचं?

सागरगोटा: एक गोल खिडकी पाहून ठेवली आहे. विकणारा म्हणतो, मोडीत काढलेल्या जहाजावरची आहे. वजनदार आहे, पण इतकी चकचकीत आहे की शंका येते. अजून व्यवहार केलेला नाही. काय तपासू?

रिकामटेकडा: सोपं आहे. लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर अस्सल पितळ. आणि चकचकीत असेल तर नक्की नकली, जुन्यावर हिरवट थर हवाच.

डेकवाला: दोन्ही निम्मंच खरं. चुंबकाने फक्त आतलं लोखंड कळतं, पितळी मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही चुंबकाला चिकटत नाही. आणि मोडीतून निघालेल्या खिडक्यांचा रंग खरवडून त्यांना पॉलिश करूनच विकतात, उलट हिरवा थर ॲसिडने दोन दिवसांत आणता येतो.
आवळायचा एखादा नट काढून वजन करा आणि मापाच्या भांड्यात बुडवून पाणी किती चढतं ते बघा.

सागरगोटा: केलं. 101 ग्रॅम, पाणी 12 मिली चढलं.

डेकवाला: म्हणजे घनता साधारण 8.4. नट पितळेचा आहे. ॲल्युमिनियमची 2.7 येते. पण शोभेच्या खिडक्याही पितळेच्या ओततात, त्यामुळे खरा प्रश्न एवढाच, की ही कधी पाणी अडवू शकली असती का? झडपेच्या कडेला रबर बसायची खाच आहे का, आणि समोरच्या कड्यावर त्या रबरात रुतणारी उंच धार आहे का? बिजागरीचं भोकही बघा. बऱ्याच खऱ्या खिडक्यांत ते लांबट असतं, कारण स्क्रू आवळल्यावर रबर सगळीकडून सारखं दबायला झडपेला थोडी सरकायला जागा लागते.

माळ्यावरची: माझ्याकडे असाच कंदील आहे हो! पाटीवर 'मास्टहेड' लिहिलंय, काच चारी बाजूंनी. किती जुना असेल?

डेकवाला: वय नाही सांगता येणार, पण पाटी आणि काच जुळत नाहीत. डोलकाठीवरचा तो दिवा समोरून 225 अंशांतच दिसायला हवा, मागची बाजू बंद. चारी बाजूंनी दिसतो तो नांगरावरचा. पाटी बहुधा नंतर ठोकली आहे.

माळ्यावरची: अरेरे. आजोबांनी फार कौतुकाने आणला होता.

सागरगोटा: खाच आहे, धारही आहे. पण भोक गोलच. काचेला पेन्सिलचं टोक लावलं तर दोन्ही प्रतिबिंबं अगदी जवळजवळ दिसतात, काच 4 मिमीच्या आसपास वाटते.

रिकामटेकडा: मग नकलीच की!

डेकवाला: घाई नको. एवढ्या पातळ काचेवर लाट झेलणारी खिडकी कुणी बनवणार नाही, हे खरं. पण फुटलेल्या जाड काचेच्या जागी साधी काच बसवलेलीही असते. काच धरून ठेवणारं कडं फिरवून काढा आणि खालची खोबण किती खोल आहे ते मोजा. 12-15 मिमी निघाली आणि उरलेल्या जागेत लांबी भरलेली असली, तर काच बदललेली आहे. खोबणही 4 मिमीचीच असेल तर ती शोभेसाठीच ओतलेली.

सागरगोटा: कडं जाम बसलंय. विकणारा जोर लावू देत नाही. रविवारी गंज सोडवायचं तेल घेऊन परत जातो.