१.१८ ने भागून बघा

«खात्यातून कधी १७.७०, कधी २३६ रुपये आपोआप जातात. हे कसले पैसे?»

रकमेला १.१८ ने भागून बघा. १७.७० चे बरोबर १५ येतात: तिमाहीचा एसएमएस आकार १५, वर १८ टक्के जीएसटी २.७०. २३६ चे २०० येतात, ते डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क. कार्ड कपाटात पडून असलं तरी लागतंच, नको असेल तर बंद करून घ्या. जीएसटी सरकारला जातो.

मेसेज पाठवायला बँकेलाही पैसे पडतात, हे मान्य. पण आकारणी प्रत्यक्ष वापरानुसार हवी, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलंय. आईच्या खात्यावर तिमाहीत दोनच मेसेज आले, तरी पूर्ण १७.७० गेले. हे मला अजिबात पटलं नाही. पासबुकातली नोंद दाखवून शाखेत लेखी तक्रार दिली, तेव्हा पैसे परत जमा झाले.