उत्तर: दर्दभरी गाणी

>> "आधीच ब्रेकअप, त्यात रडकी गाणी, मग माणूस अजून खचत कसा नाही?"

खचतो की, पण सगळे नाही. २०१४ मध्ये तारुफी आणि कोल्श या संशोधकांनी ७७२ लोकांना विचारलं होतं, दुःखी संगीत ऐकून नेमकं काय वाटतं, तर सगळ्यात जास्त वेळा उत्तर आलं 'नॉस्टॅल्जिया', म्हणजे जुन्या आठवणींची ती गोड हुरहुर, नुसतं दुःख नाही. मला हे पटतं. माझं मोडलं तेव्हा ऐन पावसाळा, मालवणात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, कामधंदा बंद, आणि मी पडवीत बसून गाणी ऐकायचो. कोणीतरी दुसराच माझं दुखणं गातोय, त्याला काही समजावून सांगायला नको, आणि पाच मिनिटांत गाणं संपतंय, एवढ्यानेच मोकळं वाटायचं (आई मात्र म्हणायची, "काय रे ता रडगाणा लावलंस!"). पण मग एकच गाणं रिपीटवर लावायला लागलो, आणि प्रत्येक वेळी 'माझंच काय चुकलं' तेच दळण. तिथे मात्र बिघडलं. ज्यांना असं उगाळत बसायची सवय असते त्यांना अशा गाण्यांनी जास्त उदास वाटतं, हेही अभ्यासात दिसलंय. माझी खूण सोपी होती, गाणं संपल्यावर भूक लागली तर ठीक, हात तिचा डीपी बघायला गेला तर स्पीकर बंद.