वीस मिनिटांची शांती, आणि ती कोणाची?

पहाटवारा : सकाळी घरातल्या मोठ्यांना वाकून नमस्कार, देवापुढे निरांजन आणि सूर्याला तांब्याभर अर्घ्य, एवढ्या वीस मिनिटांत दिवसभराची शांती मिळते. मुंबईकर वेळ नसल्याचे कारण सांगतात, पण खरे कारण आळस हेच आहे.

मुलुंडची सून : आळस हा शब्द वाचला नसता तर मी उत्तर लिहिण्याच्या फंदात पडले नसते. आमच्या घरी हा नेम माझे यजमान पाळतात आणि तो पाळता यावा म्हणून मी पाच वाजता उठते. फुलवाती आदल्या रात्री मी तुपात भिजवून ठेवते. ताम्हन मी घासते. सासूबाईंचा चहा आणि सासऱ्यांची औषधे साडेपाचला मीच देते. यजमान आंघोळ करून येतात, काडी ओढतात, हात जोडतात आणि अत्यंत शांत चेहऱ्याने ६.५२ ची गाडी पकडायला निघतात. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अर्घ्य दिले तेव्हा आकाशात सूर्य नव्हताच. ज्या सूर्याने दर्शन दिले नाही त्याचे पाणी आणि जी बायको उभी आहे तिची झोप, यांच्या जोरावर मिळालेली ही शांती आहे.

लालबागचा चाळकरी : सूनबाईंचा राग रास्त आहे, परंतु सूर्याविषयीचा आक्षेप टिकत नाही. प्रातःसंध्येची परंपरागत प्रतवारी नेमकी उलटी आहे. चांदण्या दिसत असताना केलेली संध्या उत्तम, चांदण्या मावळल्यावरची मध्यम आणि सूर्य वर आल्यावरची कनिष्ठ मानली जाते. उशीर झाला तर नेहमीच्या तीन अर्घ्यांवर प्रायश्चित्ताचे चौथे अर्घ्य द्यावे लागते. त्यामुळे अंधारात पाणी देऊन निघणारे आपले यजमान शास्त्राच्या दृष्टीने कडेला पडलेले नाहीत.

माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. आमच्या चाळीच्या पूर्वेला साधारण शंभर मीटरवर जो टॉवर उभा राहिला, तो आमच्या खिडकीपासून सत्तरएक मीटर उंच जातो आणि रुंदीलाही कमी नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पंचांगातला सूर्योदय पावणेसातच्या आधीच होतो, पण आमच्या खिडकीत ऊन येते ते नऊ वाजून गेल्यावर. बिंब दिसल्यावरच अर्घ्य द्यायचे असा हट्ट धरला असता तर मी रोज प्रायश्चित्तच घेत बसलो असतो. मी पंचांगाची वेळ पाहतो, पूर्वेकडे तोंड करतो आणि टॉवरच्या भिंतीकडे बघत पाणी सोडतो. जुलैत तर आठवडाभर सूर्य कोणालाच दिसत नाही. म्हणून नेम मोडत नाही.

मुलुंडची सून : म्हणजे पाचला उठणारी मी उत्तम प्रतीची साधक ठरले, हे ऐकून धन्य झाले. फक्त ही प्रतवारी मुंज झालेल्या पुरुषांच्या संध्येसाठी आहे, हे सांगायचे आपण सोयीस्करपणे विसरलात.

लालबागचा चाळकरी : विसरलो नाही, पण तो मुद्दा आपला, मान्य. तरीही सूर्याला पाणी देणे पुरुषांपुरते कधीच नव्हते. रथसप्तमीला सूर्याची पूजा मांडून अंगणात दूध उतू घालतात, ते बहुतेक घरांत बायकाच.

मुलुंडची सून : दूध उतू घालायचे आणि चूलही पुसायची, त्याही बायकाच.

दुसरा मजला : हा धागा योग्य वेळी निघाला. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून सूर्याला पाणी देतात आणि ते थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येते. पाण्यात कुंकू आणि अक्षता असतात. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर लाल ठिपके पडले, ते दोनदा धुऊनही पुरते गेलेले नाहीत. मी वर जाऊन सांगितले, तेव्हा मला नास्तिक ठरवण्यात आले. सोसायटीने गच्चीला कुलूप लावल्यापासून हे वाढले आहे. किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव आठशिवाय उठत नाहीत.

पहाटवारा : विषय शांतीचा आहे, आपल्या सदऱ्याचा नाही.

दुसरा मजला : आपली शांती माझ्या सदऱ्यावर पडत असेल तर विषय सदऱ्याचाच आहे. आपणही गॅलरीतूनच पाणी देता का, याचे आधी उत्तर द्या.

पहाटवारा : होय, आणि त्यामागे विज्ञान आहे. पाण्याच्या धारेतून सूर्याकडे पाहिले की घातक किरण गाळले जातात आणि डोळ्यांना फायदा होतो. मंत्राने मन शांत होते हे तर २००१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सिद्धच झालेले आहे.

चष्मेवाला दादर : कृपा करून धारेची गोष्ट कोणालाही सांगू नका. मी डॉक्टर नाही, पण दुकानात बसून जेवढे पाहिले आणि शिकलो तेवढे सांगतो. हलणारी पातळ धार डोळ्याचे रक्षण करत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे सूर्याने इजा केली तरी त्या क्षणी दुखत नाही. काही तासांनी वाचताना मधलेच अक्षर पुसट दिसते, सरळ रेघ वाकडी वाटते, तेव्हा माणूस चष्म्याचा नंबर बदलला असे समजून आमच्याकडे येतो आणि आम्हाला त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे लागते. अर्घ्य देताना नजर ओंजळीवर ठेवावी.

लालबागचा चाळकरी : त्या अभ्यासाचे म्हणाल तर तो मी वाचलेला आहे. तेवीस जणांना मंत्र म्हणायला लावला आणि ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थनाही म्हणायला लावली. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. श्वास संथ होतो एवढे त्यातून कळते. दिवसभर शांती टिकते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. शिवाय हे श्रेय मंत्राइतकेच लॅटिनलाही द्यावे लागेल, ते आपल्याला चालेल का?

पहाटवारा : मला माझा अनुभव पुरेसा आहे. वडिलांच्या पायांवर डोके ठेवले की मला बरे वाटते, त्यासाठी तेवीस माणसांची साक्ष लागत नाही.

मुलुंडची सून : हे आधीच लिहिले असते तर वाद झाला नसता. माझे सासरे गेली काही वर्षे अंथरुणावर आहेत. पडलेल्या माणसाच्या पाया पडू नये, म्हणून यजमान त्यांना दारातूनच हात जोडतात. सासरे रोज वाट बघतात की हा आत येईल. नियम पाळल्याचे समाधान यांना मिळते आणि सासऱ्यांचा चेहरा मी बघते.

लालबागचा चाळकरी : झोपलेल्या, जेवत असलेल्या आणि जपाला बसलेल्या व्यक्तीला वाकून नमस्कार करू नये असा संकेत आहे खरा, पण तो त्या व्यक्तीला व्यत्यय येऊ नये म्हणून, असे मी मानतो. आजारी वडिलांना उशी लावून बसते करावे आणि मग नमस्कार करावा. दोन मिनिटांचे काम आहे. आमच्या आजोबांच्या शेवटच्या वर्षात आम्ही तेच करत होतो. गुरुजींपैकी काही जण याला मान्यता देणार नाहीत, हेही सांगतो.

मुलुंडची सून : उशी कोण लावणार, हे आपण लिहिलेले नाही.

लालबागचा चाळकरी : ज्याला नमस्कार करायचा आहे त्याने.

दुसरा मजला : माझ्या कपड्यांचे काय?

लालबागचा चाळकरी : घरात अर्घ्य ताम्हनात सोडतात आणि ते पाणी नंतर कुंडीत घालतात. गॅलरीबाहेर ओतण्याची पद्धत कुठून आली मला ठाऊक नाही. नदीकाठी खाली दुसरा मजला नसतो.

पहाटवारा : ताम्हन वापरायला माझी हरकत नाही. मात्र गच्चीची किल्ली मिळाली तर सर्वांचीच सोय होईल, तेव्हा आपण सचिवांना पत्र लिहा, मी सही करतो.

दुसरा मजला : आपली इमारत कोणती, ते आधी कळवा. मला एक दाट शंका येत आहे.