मदत हवी आहे: १,३५,००० ची 'मुऱ्हा', १४ लिटर सांगतायत. भाव बरोबर आहे का?

आरेतला_खुंटा
नमस्कार मंडळी. काकांच्या आरेतल्या तबेल्यात एक खुंटा रिकामा झालाय, तिथे एक म्हैस घ्यायची आहे. जोगेश्वरीच्या एका तबेल्यात पाहिली. तिसऱ्या वेताची, व्यायला २० दिवस झालेत, खाली रेडी आहे. मुऱ्हा म्हणून दाखवली, दोन वेळचं मिळून १४ लिटर सांगतात, भाव १,३५,०००.

आमच्याकडचे आकडे: दूध घाऊक ८५ ने जातं. खुराक (सरकी पेंड, चुनी, कोंडा मिळून) किलोला ३४ पडतो, कुट्टी १२, हिरवं ५. मजुरी, पाणी, जागा, औषध असं धरून जनावरामागे दिवसाला ११०. आटली की गाभण असेल तर आमच्या इथे अशी म्हैस ६५ हजारांपर्यंत जाते. तबेल्याचा परवाना काकांच्या नावावर आहे, तो प्रश्न नाही. फक्त भाव कसा तपासायचा ते सांगा.

धारवाला
यात कसला हिशोब करायचा? लिटरला दहा हजार हा बाजार आहे. १४ ला १ लाख ४० होतात, म्हणजे पाच हजार स्वस्तच मिळतेय. उचला.

वसईचा_वारा
म्हशीच्या मागे कशाला लागता? तेवढ्या पैशात एचएफ संकरित गाय मिळते, २० लिटरची. माझ्या मेव्हण्याकडे तीन आहेत. खुराकही कमी लागतो, अडीच-तीन लिटरला एक किलो.

पेंढा_आणि_पेंड
वसईकर, त्यांनी गायीचं विचारलेलंच नाही, पण निघालंच आहे तर सांगते. खुराकाचं तुमचं बरोबर आहे, पण गायीच्या दुधाला म्हशीच्या दुधाचा भाव मिळत नाही, आणि तबेल्याचं गिऱ्हाईक म्हशीचंच दूध मागतं. शिवाय म्हैस आटली की तिला काहीतरी किंमत येते. राज्यात २०१५ पासून गाय, बैल, वळू सगळ्यांच्याच कत्तलीला बंदी आहे, म्हणून भाकड गायीला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. घेताना स्वस्त दिसलेली गाय विकताना महाग पडते, ती अशी.

आता मूळ प्रश्न. खुंटादादा, भावाचं नंतर बघू. आधी ते १४ लिटर खरे आहेत का ते बघा.

तुम्ही एकच धार पाहिली असेल, तर ती पाहिली नाही असंच धरा. विकणारा आदल्या वेळची धार अर्धी सोडतो किंवा चुकवतोच. मग कास तट्ट फुगलेली दिसते, सडांतून थेंब गळतात, म्हैस मागचे पाय फाकवून उभी राहते आणि हात लावला की लाथ झाडते. बघणाऱ्याला वाटतं काय दूध आहे! म्हणून आधी एका दुपारच्या धारेला जा, कास पूर्ण रिकामी होईपर्यंत समोर उभे राहा आणि ते दूध मोजूच नका. त्यानंतरची पहाटे तीनची आणि पुढची दुपारी तीनची, या दोन मोजा. त्यांची बेरीज ते खरं दूध.

मोजायचं वजनावर. बादलीत फेस धरून लिटरभर सहज जास्त दिसतं. हुकाचा काटा न्या, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा, उरलेल्या किलोला १.०३ ने भागा.

धार संपल्यावर कास हातात घेऊन बघा. चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, सुरकुतते. तेवढीच कडक आणि भरलेली राहिली तर ती मांसल आहे, आकारावर भुलू नका. चारही सडांच्या पहिल्या दोन-दोन धारा काळ्या ताटलीवर घ्या. गुठळी किंवा पाणी दिसलं तर तो सड दगडीचा.

आरेतला_खुंटा
ताई, सांगितल्याप्रमाणे केलं. काल दुपारी रिकामी करून घेतली. आज पहाटे ६.७ किलो, दुपारी ५.७ किलो. बेरीज १२.४, म्हणजे १२ लिटर. सड चारही साफ. विकणारा म्हणतो अजून २० च दिवस झालेत, चढेल.

पेंढा_आणि_पेंड
चढेल हे खोटं नाही. म्हशीचं दूध व्यायल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी शिखराला जातं. पण जागा, गवळी, चारा, पाणी सगळं बदललं की पहिला आठवडाभर लिटर-दीड लिटर उतरतंच, आणि कधी कधी तेवढं परत येत नाही. चढ आणि उतार एकमेकांत जाऊ दे. १२ च शिखर धरा.

आता वेताचं दूध. शिखराला २०० ने गुणा: १२ चे २,४०० लिटर, ३०० दिवसांत. सरासरी रोज ८. ही सरासरी लोक विसरतात आणि १२ लिटर वर्षभर मिळणार असं धरून चालतात.

खर्चाचे दोन भाग करा. म्हैस दूध देवो न देवो, रोजचा २ किलो खुराक (६८), ६ किलो कुट्टी (७२), १५ किलो हिरवं (७५) आणि तुमचे ११० लागणारच. म्हणजे ३२५. तीनशे दिवसांचे ९७,५००. दुधावरचा खुराक त्याच्यावर, दोन लिटरला एक किलो, म्हणजे लिटरमागे १७. म्हणून ८५ च्या लिटरातले तुमच्या हातात ६८ राहतात.

२,४०० गुणिले ६८ म्हणजे १,६३,२००. त्यातून ९७,५०० गेले, उरले ६५,७००. विकताना ६५,००० आले, तर १,३०,७०० ला घेतलेली म्हैस ना नफा ना तोटा. १,३५,००० ला घेतली तर चार हजार खिशातले जातात.

खरोखर १४ चं शिखर असतं तर हाच हिशोब ९२,९०० उरवतो, आणि १,३५,००० त बावीस-तेवीस हजार सुटतात. म्हणजे शिखराचा एक लिटर १३,६०० चा. सांगितलेले आणि मोजलेले यातले दोन लिटर गेले म्हणजे २७,२०० गेले. पंधरा-वीस हजार मेहनतीला आणि जोखमीला ठेवायचे असतील, तर तुमचा भाव १,१०,००० ते १,१५,०००.

धारवाला
म्हणजे लिटरला साडेनऊ हजार. मी काय वेगळं सांगितलं?

पेंढा_आणि_पेंड
भाऊ, या म्हशीपुरतं जवळ आलात, पण तोच ठोकताळा आठ लिटरच्या म्हशीला लावून बघा. दलाल ८० हजार मागेल. तिचे वेताचे १,६०० लिटर, हातात १,०८,८००, त्यातून तेच ९७,५०० गेले, उरले ११,३००. आटल्यावर ५० हजारांना गेली तरी जवळपास १९ हजारांचा खड्डा. पहिले सात-सव्वासात लिटर म्हैस स्वतःच्या पोटासाठी देते, तुमची कमाई त्याच्या वरच्या दुधात. म्हणून सरसकट दहा हजाराने कमी दुधाची म्हैस महाग पडते आणि भरपूर दुधाची स्वस्त.

शिंगरू
२०० चा गुणाकार मला जास्त वाटतो. बाहेरून आणलेल्या, तबेल्यात एका जागी बांधलेल्या म्हशीला मी १८० च्या वर धरत नाही. मग २,१६० लिटर आणि शिल्लक ४९,३८०. एकदम सोळा हजारांचा फरक.

पेंढा_आणि_पेंड
तीनशे दिवस धरून १८० घेतले तर तुमचं बरोबर. पण २७० दिवसांतच आटली तर रोजचे ३२५ ही तीस दिवस वाचतात, शिल्लक ५९,१३० येते. मधला आकडा धरायला माझी हरकत नाही. खरी धास्ती दुसरीच आहे. ६५ हजार गाभण म्हशीचे आहेत. वेळेत फळली नाही तर तीच म्हैस ४० लाही मागे-पुढे होते, आणि सगळा हिशोब तिथेच मोडतो. गाभण राहील की नाही हे २० दिवसांच्या म्हशीत कुणी सांगू शकत नाही. वार वेळेत पडली का, मागून घाण स्राव येतो का, एवढं विचारा आणि शेपूट उचलून स्वतः बघा.

शिंगरू
आणि आटल्यावर विकायची नसेल तर १२० दिवसांचा भाकडकाळही धरा. तुमच्याच आकड्यांनी ३९,००० होतात.

आरेतला_खुंटा
विकायचीच आहे, ठेवायला जागा नाही. एक राहिलं, जात. शिंगं पूर्ण गुंडाळलेली नाहीत, एक वेढा पुरा होत नाही, टोकं जरा मोकळी आहेत. रंग काळा.

शिंगरू
मग मेहसाणी असण्याचा संभव जास्त. मुऱ्ह्याचं शिंग आखूड आणि घट्ट वळलेलं असतं. जाफराबादी नक्कीच नाही, तिचं कपाळ फुगीर आणि शिंगं जड, खाली लोंबणारी. अंगानेही ती मोठी, पोटाला जास्त लागतं, म्हणजे वरचे ३२५ तिला पुरणार नाहीत.

पेंढा_आणि_पेंड
मेहसाणी असेल तर रडू नका, नियमित व्यायला ती चांगली. पण मुऱ्ह्याच्या नावाचे जे चार-पाच हजार वर लावलेत ते उतरवून मागा. या वेतात तुम्हाला दूध विकायचंय, शिंगं नाही. जातीचा पैसा रेडी वाढवणाऱ्याला परत मिळतो, तबेल्यात नाही.

आरेतला_खुंटा
१,२२,००० पर्यंत आलाय. एक गोष्ट सांगायची राहिली. दोन्ही धारांच्या आधी तिथल्या पोराने मानेला सुई टोचली. विचारलं तर म्हणाला व्हिटॅमिन आहे. रेडी बाजूला बांधलेली होती, सोडली नाही.

पेंढा_आणि_पेंड
हे आधी सांगायला हवं होतं! रोज धारेआधी कुणी व्हिटॅमिन देत नाही. ते पान्ह्याचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन. दूध काढायला ते टोचणं बेकायदेशीर आहे. आणि सवय लागलेली म्हैस सुईशिवाय पान्हा सोडत नाही. मग तुमच्या तबेल्यात १२ ची ७ झाली तर वरचा एकही आकडा उपयोगाचा नाही.

पुन्हा जा. सुई नाही, रेडी लावायची, सड कोमट पाण्याने धुवून कुरवाळायचे आणि घड्याळ बघायचं. दोन-तीन मिनिटांत पान्हा आला तर ठीक. दहा मिनिटं झाली आणि धार बारीकच राहिली, तर १,२२ काय, १,०० लाही नको. मोजणी पुन्हा दोन धारांची, पहिली रिकामी करून.

धारवाला
सुई तर सगळीकडेच देतात हो. त्याने म्हैस खराब होते असं नाही.

शिंगरू
सगळीकडे देतात म्हणूनच बिनसुईचं बघायचं, धारवाला. खुंटा, रेडी लावू देत नसतील तर तेही उत्तरच समजा.

आरेतला_खुंटा
गुरुवारी दुपारच्या धारेला जातोय. आकडे इथेच टाकतो.