मदत हवी आहे: दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे टोस्ट नक्की कोण बनवतं?

मुलीला तिळाची ॲलर्जी आहे. घराजवळच्या एका सुपरमार्केट साखळीचे स्वतःच्या नावाचे टोस्ट ती दोन वर्षं खातेय. या महिन्यात चव आणि रंग दोन्ही बदलले, पाकीट मात्र तेच. म्हणून मागची बाजू नीट वाचली.

एफएसएसएआयचे चौदा आकडी परवाना क्रमांक आहेत, साखळीचा वेगळा आणि उत्पादकांचे वेगळे. 100 ने सुरू होणारा, म्हणजे केंद्रीय परवाना, साखळीचा. तो उपयोगाचा नाही. उत्पादकांचे पत्ते तीन, अ, ब, क असे. कुठला लागू ते बॅच क्रमांकाच्या पहिल्या अक्षरावरून कळतं. जुनं पाकीट जपून ठेवलं होतं, त्यावर अ, नव्यावर क. म्हणजे कारखानाच बदललाय!

क समोरचा क्रमांक 115 ने सुरू होतो, म्हणजे परवाना महाराष्ट्राचा. foscos.fssai.gov.in वर टाकला, तर कंपनीचं नाव-पत्ता मिळाला.

आता अडलंय ते इथे: त्याच भट्टीत तिळाची खारी किंवा बिस्किटं होतात का, हे कसं कळेल? पाकिटावर तिळाचा उल्लेख नाही. कुणी बेकरी उद्योगात असेल, तर कारखान्याला नेमकं काय लिहून विचारू? तोवर पाकीट बंदच ठेवलंय.