न्यू रिजीममध्ये आल्यावर ईएलएसएस, पीपीएफ आणि एनपीएसचं काय करावं?

पिंपळे_सौदागर:
नमस्कार. आयटीत आहे, वय ३६. कंपनीचा पीएफचा वाटा सोडून वर्षाचा ग्रॉस १८ लाख, बेसिक महिना ७०,०००. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय, त्यामुळे एचआरए नाही आणि व्याजाची सूटही नाही. यंदा न्यू रिजीम घेतली. जानेवारी २०२० पासून ईएलएसएसमध्ये महिना ८,००० ची एसआयपी चालू आहे, शिवाय जुनं पीपीएफ खातं आहे. दोन्ही ८०सी साठीच सुरू केली होती. आता ती सूट मिळत नाही, तर हे चालू ठेवायचं का? एचआरकडून एनपीएस घेणार का अशी मेलही आली आहे. पुढची १५-२० वर्षं हे पैसे लागणार नाहीत.

मुळशी_पॅटर्नवाला:
सरळ हिशोब आहे. ८०सी गेलं म्हणजे पीपीएफ आणि ईएलएसएस दोन्ही निरुपयोगी. ईएलएसएस थांबवा, पीपीएफमध्ये खातं जिवंत राहील एवढे ५०० रुपये टाका आणि सगळा पैसा इंडेक्स फंडात वळवा. नाहीतर ओल्ड रिजीममध्ये परत जा.

आकडेमोड:
ईएलएसएसबद्दल सहमत, पीपीएफबद्दल नाही. न्यू रिजीममध्ये पैसे भरतानाची सूट गेली आहे, पीपीएफचं व्याज आणि मुदतीनंतर हातात येणारी रक्कम आजही पूर्ण करमुक्त आहे. व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला बँकेच्या एफडीतून एवढं हातात पडायला एफडीवर जवळजवळ ९ टक्के मिळायला हवेत. तेव्हा सुरक्षित भागासाठी पीपीएफ चालू ठेवा आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

ओल्डमध्ये परत जायचा प्रश्नच नाही. १८ लाखांवर ८०सी चे दीड लाख आणि मेडिक्लेमचे २५,००० धरूनही ओल्डमध्ये सेससह २,९६,४०० कर बसतो. न्यूमध्ये काहीही न गुंतवता १,५०,८००. एचआरए नाही, गृहकर्ज नाही, मग हा फरक भरून निघणार कशातून?

ईएलएसएस हा तीन वर्षांच्या कुलुपाचा साधा इक्विटी फंड आहे. सूट नसेल तर कुलूप कशाला लावून घ्यायचं? तीच एसआयपी साध्या इंडेक्स फंडात वळवा. जुनी युनिट्स मात्र घाईने काढू नका, त्यांचा चांगला उपयोग आहे. रात्री सविस्तर लिहितो.

साताऱ्याचे_गुरुजी:
मी जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्या पगारातून १० टक्के कापतात आणि शासन १४ टक्के घालतं. मला तर यात निवड करायला मिळालीच नाही. मग हे एनपीएस खासगीवाल्यांना वेगळं असतं का? आणि मी न्यू रिजीममध्ये गेलो तर माझे १० टक्के वजा होतील का?

आकडेमोड:
गुरुजी, तुमचे स्वतःचे १० टक्के न्यू रिजीममध्ये वजा होत नाहीत. शासनाचे १४ टक्के होतात. खासगीतही तेच तत्त्व आहे, मालकाने भरलेला बेसिक अधिक डीएच्या १४ टक्क्यांपर्यंतचा वाटा वजा होतो. पगारदाराने स्वतः गुंतवणूक ठरवून कर वाचवायचा म्हटलं तर न्यू रिजीममध्ये हा एवढाच मोठा रस्ता उरला आहे.

पिंपळे_सौदागर, तुमचा आकडा बघा. बेसिक वर्षाला ८,४०,०००, त्याचे १४ टक्के १,१७,६००. स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा करून तुमचं करपात्र उत्पन्न १७,२५,००० येतं, त्यामुळे ही सगळी रक्कम २० टक्क्यांच्या स्लॅबमधून कमी होते. सेस धरून वर्षाला सुमारे २४,४६० वाचतात. कंपनी खिशातून काही घालत नाही, तुमच्या स्पेशल अलाउन्समधून महिना ९,८०० एनपीएसकडे वळवते. टीडीएस महिना २,०४० च्या आसपास कमी होतो, म्हणजे हातातला पगार साधारण ७,७६० ने घटेल. तुम्ही स्वतः बाहेरून एनपीएसमध्ये भरलंत तर न्यू रिजीममध्ये एक रुपयाही वजा होणार नाही. सॅलरी स्लिपवर तो ‘एम्प्लॉयर काँट्रिब्युशन’ म्हणून दिसतोय ना, हे पहिल्याच महिन्यात तपासा.

कोथिंबीर_वडी:
माझा एनपीएसला विरोध आहे. पैसा वर्षानुवर्षं अडकतो आणि शेवटी एक भाग ॲन्युइटीत घालावाच लागतो, तिचं पेन्शन करपात्र असतं. पंचेचाळिशीत नोकरी गेली तर? आमच्या ओळखीत असं झालंय, खात्यावर रक्कम दिसते पण घर चालवायला उपयोग नाही. २४,००० साठी मी स्वातंत्र्य विकणार नाही.

आकडेमोड:
रास्त मुद्दा आहे. म्हणूनच हा पैसा निवृत्तीचाच धरायचा, आणि आधी वर्षभराचा खर्च बाजूला असेल तरच हो म्हणायचं.

आता जुन्या ईएलएसएसचं. इक्विटी फंड वर्षाहून जास्त ठेवला की नफ्यावर १२.५ टक्के कर, पण दर आर्थिक वर्षात पहिल्या १,२५,००० नफ्यावर काहीच नाही. ही मर्यादा वापरली नाही तर ३१ मार्चला संपते, पुढच्या वर्षात जात नाही. २० वर्षं हात न लावता शेवटी एकदम विकलंत तर फक्त एका वर्षाची सूट मिळेल. म्हणून दरवर्षी तेवढाच नफा काढून पैसे परत गुंतवायचे.

समजा तुमची २०२० सालची ९६,००० ची २,४०० युनिट्स सरासरी ४० ला पडली आणि आज एनएव्ही ९० आहे. विक्रीत सगळ्यात जुनी युनिट्स आधी जातात, आणि तीच तुमची सर्वांत स्वस्त आहेत. ती विकली की हातात २,१६,००० आणि नफा १,२०,०००, म्हणजे कर शून्य. तेच पैसे इंडेक्स फंडात टाका. आता तुमची खरेदी किंमत ९६,००० ऐवजी २,१६,००० झाली. पुढे कधीतरी या नफ्यावर बसला असता तो १५,६०० चा कर टळला. परत ईएलएसएसमध्ये टाकलेत तर पुन्हा तीन वर्षं कुलूप.

फसतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मर्यादा एका पॅनला एक आहे, वेगळ्या ॲपमध्ये शेअर विकून नफा घेतला असेल तर तोही यातच मोजला जातो. दुसरं म्हणजे नव्या युनिट्सचं वर्ष नव्याने सुरू होतं, ती बारा महिन्यांच्या आत विकली तर नफ्यावर २० टक्के. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच उरका. विक्रीचे पैसे यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, तेवढ्यात बाजार वर गेला तर थोडा फटका बसेल, तो धरून चला.

मुळशी_पॅटर्नवाला:
मग अर्धे पैसे बायकोच्या नावावर टाकले तर अडीच लाखांची सूट! तिला दुसरं उत्पन्न नाही.

आकडेमोड:
तुम्ही दिलेल्या पैशातून आलेला नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे फायदा नाही. तिचा स्वतःचा पैसा असेल, माहेरहून आलेला किंवा तिच्या कामाचा, तर तिची वेगळी सव्वा लाखाची मर्यादा नक्की वापरा.

पिंपळे_सौदागर:
खूप आभार. स्टेटमेंट काढलं. २०२० ची युनिट्स मार्चमध्ये विकतो, नवी एसआयपी निफ्टी इंडेक्स फंडात, पीपीएफ चालू. एनपीएसवर घरात बोलणं सुरू आहे, बायकोचं मत कोथिंबीर_वडी यांच्यासारखंच आहे. एचआर म्हणतं की एकदा निवडलं की वर्षभर बदलता येणार नाही. १४ ऐवजी ५ टक्क्यांनी सुरुवात करायला कोणाच्या कंपनीने दिलंय का?

वाशी_खाडी:
आमच्याकडे ५, १० किंवा १४ निवडता येतं, पण फक्त एप्रिलमध्ये. नियमात कमाल १४ आहे, कमी चालतं. तुमच्या पेरोलवाल्यांना लेखी विचारा.